बिलातले चार लिटर

आमच्या कार्यालयाच्या सात गाड्यांची सर्व्हिसिंगची बिले मंजुरीसाठी माझ्याकडे येतात. लेखा विभाग बेरीज आणि कर तपासतो. ऑइल खरोखर किती पडले, हे तिथे कोणी विचारत नाही, आणि ही ढिलाई मला फार दिवसांपासून खुपते आहे.

गेल्या महिन्यात एका पेट्रोल गाडीच्या बिलावर ‘इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२०, ४ लिटर’ अशी ओळ होती. त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत फिल्टर बदलल्यास ३.१ लिटर ऑइल लागते, असे लिहिले आहे. सीलबंद डबा फोडला असता, तर पूर्ण डब्याचे पैसे लावणे मी मान्य केले असते, मात्र उरलेले ऑइल त्याच डब्यात परत मागितले असते. इथे चालककाकांनी ऑइल बॅरलमधून नळीने भरताना पाहिले होते, म्हणजे उरण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटे थांबून मी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑइल नेमके वरच्या खुणेवर होते. या गाडीत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचे अंतर आहे. त्यामुळे खरोखर चार लिटर ओतले असते, तर पातळी वरच्या खुणेच्याही जवळपास तितकीच वर गेलेली दिसली असती.

त्याच बिलात एक लिटर कूलंटही होते. मी वर्कशॉपच्या ॲडव्हायझरना फोन करून म्हणालो, “कूलंट एक लिटर कमी झाले होते, तर गळती कुठे सापडली? जॉबकार्डवर तिची नोंद नाही.” ते थोडे थांबून म्हणाले, “साहेब, सिस्टीममध्ये सर्व्हिसचे पॅकेज टाकले की हे आकडे आपोआप येतात.” आपोआप आलेले आकडे न वाचता त्यांनी सही केली होती, हे मला गैर वाटले. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. त्यात एक लिटरची तूट खरी असेल तर इंजिन धोक्यात आहे, आणि खोटी असेल तर बिल चुकीचे आहे. टाकीतली पातळी मी आठवडाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना पाहिली. ती जराही उतरली नाही.

त्यांनी ०.९ लिटर ऑइल आणि कूलंट वजा करून सुधारित बिल पाठवले.

एका गोष्टीचे उत्तर मात्र मला अजून मिळालेले नाही. चालककाकांना तिथे दोन बॅरल दिसले होते, एक ०डब्ल्यू-२० चे आणि दुसरे ५डब्ल्यू-३० चे. नळी कोणत्या बॅरलला जोडलेली होती, हे त्यांनी पाहिले नव्हते. डिपस्टिकवर ऑइल किती आहे ते कळते, ते कोणत्या ग्रेडचे आहे ते रंगावरून किंवा बोटाने चोळून कळत नाही. पुढच्या सर्व्हिसला सीलबंद डबा आमच्यासमोर फोडावा, अशी सूचना जॉबकार्डवर लिहून देण्यास मी चालककाकांना सांगितले आहे.