तुम्ही विचारलंत म्हणून: ऐंशीचे दीड कसे होतात

«तुमच्याच रिपोर्टमध्ये लॅबने दगडाची ताकद ८० मेगापास्कल दिली आहे, मग डिझाइनला दीडसुद्धा का धरत नाही?»

कारण ८० ही ताकद डोंगराची नाही, कोअर बॉक्समधल्या एका तुकड्याची आहे. तो तुकडाही सरळ मार्गाने निवडलेला नसतो. ड्रिलिंगमधून ५४ मिलिमीटर व्यासाचा गाभा निघतो. त्यातला सांध्यांजवळचा, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांजवळचा, भाग मोडूनच वर येतो आणि दाबचाचणीसाठी व्यासाच्या दुपटीहून लांब, अखंड दांडा लागतो. म्हणजे खडकाचा जो भाग वाईट होता तो चाचणीच्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. ठाण्यातल्या काळ्या पाषाणाची ही चाचणी मी इतक्या वेळा पाहिली आहे, की ८० हा आकडा वाचताना मला आधी आठवतात ते बॉक्सच्या कप्प्यांत पडलेले, कुणीही न तपासलेले तुकडे.

अखंड दगडापासून भेगाळलेल्या खडकापर्यंत जाण्यासाठी मी खडक कधी मोडेल हे सांगणारा हूक आणि ब्राउन यांचा निकष वापरतो. तो १९८० चा आहे, नंतर अनेकदा सुधारला गेला, आणि २००२ च्या आवृत्तीत त्याचे रूप असे आहे:

```
σ1 = σ3 + σci (mb·σ3/σci + s)^a
mb = mi·exp[(GSI − 100)/(28 − 14D)]
s  = exp[(GSI − 100)/(9 − 3D)]
```

यात σ1 म्हणजे खडक मोडतो तेव्हाचा मुख्य दाब, σ3 म्हणजे बाजूचा दाब आणि σci म्हणजे तुमचे ८०. mi दगडाच्या जातीवर ठरतो; बसाल्टसाठी, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणासाठी, तो साधारण २५ धरतात. जीएसआय हा मी डोंगरासमोर उभा राहून, सांधे किती आहेत आणि त्यांचे पृष्ठ किती झिजले आहे हे पाहून दिलेला अंक असतो. D हा सुरुंगाने खडकाला झालेल्या इजेचा अंक आहे. तो ० ते १ यांच्या मध्ये असतो. a हा घात अर्ध्याहून किंचित जास्त असतो, इथे ०.५०८. जीएसआय ४५ आणि D ०.७ घेतला, आणि बाजूचा दाब शून्य ठेवला, तर उत्तर १.४ मेगापास्कल येते. तुमच्या बिल्डरला जो दीड वाटतो तो हाच.

इथपर्यंतचे उत्तर मी वर्षानुवर्षे देत आलो आहे आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो हेही मला ठाऊक आहे. म्हणून आता ते प्रकरण सांगतो, जे मी आजवर टाळले.

बारा वर्षांपूर्वी पारसिकच्या डोंगराच्या कुशीत एका खासगी गृहसंकुलासाठी १८ मीटर उंचीचा, जवळजवळ उभा काप घ्यायचा होता. उताराच्या स्थिरतेचे गणित करणारा सॉफ्टवेअर त्या वेळी सरळ रेषेचाच निकष मागत असे, म्हणजे एक कोहिजन, खडकाची स्वतःची चिकटून राहण्याची ताकद, आणि एक घर्षणकोन. निकषाची रेषा मात्र वाकडी आहे. ती वाकडी का असते, हे लक्षात घेतले पाहिजे. बाजूचा दाब अगदी कमी असतो तेव्हा दगडाचे ठोकळे एकमेकांवर चढून सरकतात आणि रेषा ताठ चढते. दाब वाढला की चढायला जागा उरत नाही, ठोकळ्यांचे कंगोरेच कातरले जातात आणि रेषा हळूहळू आडवी होते. अशा वक्राला सरळ रेषा जोडायची असेल, तर वक्राच्या कोणत्या भागाला जोडायची हे आधी ठरवावे लागते. आमच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एक यादी होती: `General`, `Tunnels`, `Slopes`. उघडताच `General` निवडलेले असे. मी ते बदलले नाही.

`General` म्हणजे बाजूचा दाब शून्यापासून σci च्या एक चतुर्थांशापर्यंत, म्हणजे इथे २० मेगापास्कलपर्यंत, धरून रेषा जोडणे. १८ मीटरच्या उतारात, त्याच पद्धतीत उतारांसाठी दिलेल्या सूत्राने पाहिले, तर बाजूचा दाब अर्ध्या मेगापास्कलच्याही आत राहतो. वीस मेगापास्कलपर्यंतच्या चढणीवरून काढलेली रेषा मागे वाढवली, की ती शून्याजवळ वक्राच्या कितीतरी वरून जाते आणि खडकाकडे मुळीच नसलेले कोहिजन त्याच्या नावावर लिहून टाकते. शिवाय D मी शून्य ठेवला होता, कारण ब्रेकरने काम होणार असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुरुंग उडाले. माझ्या कागदावर कोहिजन ४.९ मेगापास्कल आले आणि घर्षणकोन ३७ अंश.

हे आकडे चुकीचे आहेत हे कळायला तज्ज्ञ लागत नाही, एक पडताळणी पुरते, आणि ती मी तेव्हा केली नाही. उभा काप किती उंच उभा राहील याचे ढोबळ सूत्र आहे: चार गुणिले कोहिजन, भागिले खडकाचे एकक वजन, गुणिले एक कोनावर अवलंबून असलेला गुणक. ते लावले की माझ्या आकड्यांनी दीड किलोमीटर उंच भिंत उभी राहत होती. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. मी पारसिकमध्ये जवळपास कळसूबाई उभी करून सही केली होती. त्या सहीच्या आधारावर रॉक बोल्टची संख्या कमी झाली, हे मी लपवणार नाही. बोल्ट कमी करा असे मी म्हटले नव्हते, असा बचाव मी पुढे अनेक वर्षे केला; पण आकडा माझा होता आणि आकड्याला काय अर्थ लावला जाईल हे मला कळत होते.

जुलैच्या एका रात्री, दोन दिवसांच्या सततच्या पावसानंतर, कापाच्या मधल्या बेंचवरून, म्हणजे पायरीवरून, खडकाची एक पाचर सुटली. वॉचमनची खोली तिच्या वाटेत होती. वॉचमनकाका पाण्याची मोटर बंद करायला खाली गेले होते, म्हणून वाचले. सकाळी मी पोहोचलो तेव्हा ते चुलीची विटांची कड शोधत होते आणि मला म्हणाले, “साहेब, तुम्ही तर दगड पक्का म्हणाला होता ना?” मी म्हणालो होतो.

मी ढिगाऱ्यावर चढलो आणि पडलेल्या ठोकळ्यांच्या बाजू एकेक करून पाहिल्या. त्या सगळ्या सपाट होत्या आणि त्यांवर हिरवट, साबणासारखा गुळगुळीत मातीचा पापुद्रा होता; नखाने खरवडला की निघे आणि ओला असल्यामुळे बोटांना चिकटे. मध्ये मध्ये पांढऱ्या झिओलाइटचे डाग होते. नुकताच तुटलेला काळा, करकरीत, स्फटिकांनी चमकणारा पृष्ठभाग मला जवळजवळ कुठेच सापडला नाही. याचा अर्थ असा, की त्या रात्री दगड मुळी तुटलाच नव्हता. एकमेकांना छेदणाऱ्या दोन सांध्यांच्या पृष्ठांवरून तो घसरला होता, आणि त्यांची छेदरेषा आम्ही कापलेल्या भिंतीतून बाहेर डोकावत होती. आपण काप घेऊन तिचा टेकू काढून घेतला आणि पावसाने भेगांत पाणी भरले. ८० मेगापास्कल असो की १.४, त्या घसरण्यात अखंड दगडाच्या ताकदीला विचारणारेच कोणी नव्हते.

पुढे काही वर्षे मी स्वतःला आणि विचारणाऱ्यांना एक सोपी गोष्ट सांगत असे: यादीतला पर्याय बरोबर निवडला असता तर हे टळले असते. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मीच तपासून खोटी ठरवली. बाजूच्या दाबाच्या योग्य मर्यादेत, D ०.७ घेऊन पुन्हा गणित केले तेव्हा कोहिजन ४.९ वरून ०.२८ मेगापास्कलवर आले आणि कोन ५८ अंश झाला. D शून्यच ठेवून फक्त मर्यादा सुधारली तरी कोहिजन ०.४५ येते, म्हणजे चुकीचा मोठा वाटा मर्यादेचाच होता. पण ०.२८ आणि ५८ अंशांनीसुद्धा तेच ढोबळ सूत्र सुमारे १५० मीटर उंचीचा उभा काप उभा ठेवते. आमचा १८ मीटरचा होता. म्हणजे बरोबर आकडा घेतला असता तरी कागदावर उतार भक्कमच दिसला असता, आणि तो पडलाच असता.

दोष निकषाचा नाही, मी तो जिथे लावला त्याचा आहे. या निकषात खडक सर्व दिशांनी सारखा धरलेला असतो. सांध्यांच्या अनेक दिशा आहेत, ठोकळे उताराच्या मानाने लहान आहेत, असे असेल तर ते धरणे शोभते. आमच्या कापात ठळक दिशा दोनतीनच होत्या आणि ठोकळे दीड मीटरचे. तिथे आधी सांध्यांचे कल आणि दिशा मोजून पाचरीचे गणित करायचे असते, आणि त्यात सांध्यांचेच घर्षण व पाण्याचा दाब येतो. हे मला त्या वेळी माहीत नव्हते असे नाही. परीक्षेत मी ते लिहिले असते.

आता तुमच्या बाजूने एक कबुली. १.४ हाही काही देवाने दिलेला आकडा नाही. जीएसआय ४५ ऐवजी ४० म्हटला तर ०.९४ येते आणि ५० म्हटला तर २.०५, आणि पाच अंकांचा फरक दोन अनुभवी माणसांत एकाच कापासमोर, एकाच सकाळी पडतो. शिवाय सुरुंगाची इजा कापाच्या दर्शनी भागात असते; तिथला D मी सगळ्या डोंगराला लावला तर आतल्या शाबूत खडकावर अन्याय होतो. आतल्या भागात D शून्य धरला की ताकद ३.६ मेगापास्कल निघते, म्हणजे अडीच पटींहून अधिक. त्यामुळे तुमचा स्ट्रक्चरल कन्सल्टंट मला कंजूष म्हणतो तेव्हा तो आतल्या भागापुरता बरोबर असतो. आणि सूत्राचा पाया पाहिला तर, भेगाळलेल्या खडकावरच्या मोठ्या नमुन्यांच्या चाचण्या मुळात थोड्या आहेत. सुरुवातीच्या काळात तर पापुआ न्यू गिनीतल्या पांगुना खाणीच्या अँडेसाइटवरच बरीच भिस्त होती. बाकी अनुभवाने बसवलेले आहे. बसाल्टचे लाव्हाथर, त्यांच्यामधली तांबडी माती आणि आमचा पाऊस यांना तो अनुभव पुरेसा आहे का, हा प्रश्न मी रिपोर्टमध्ये विचारत नाही, कारण त्याचे बिल कोणी देणार नाही.

तरीही मी दीड धरत नाही. सध्या माझ्याकडे घोडबंदरच्या बाजूचा एक काप आहे. खालच्या सहा मीटरांत मांजऱ्या दगड मुठीएवढ्या तुकड्यांत भेगाळलेला आहे, तिथे हाच निकष लावतो, मर्यादा `Slopes` निवडून. वरच्या पाषाणात मात्र आम्ही दोरावर उतरून सांध्यांचे कल घेत आहोत. माझी सहकारी खालच्या भागाला जीएसआय ३५ देते, मी ४०. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे, दोन्ही उत्तरांसह जाणार आहेत, आणि बिल्डरकडून पुन्हा तोच फोन येईल याची मला खात्री आहे.