४०० किलोमीटरची मेजावरची वाहिनी: नोंद सहावी, आणि न जुळणारे पाच टक्के

४०० किलोमीटर लांब वीजवाहिनीची प्रतिकृती मी मेजावर बांधतो आहे. मागच्या नोंदीत तिच्या आठ π-खंडांची, म्हणजे मधे कॉइल आणि दोन्ही बाजूंना कपॅसिटर अशा तुकड्यांची, जोडणी पूर्ण झाली होती. प्रत्येक खंड ५० किलोमीटरचा, त्यात ५० मिलिहेन्रीची कॉइल, आणि दोन खंडांमधल्या प्रत्येक गाठीवर ०.४७ व ०.०८२ मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर समांतर. ४०० केव्हीच्या वाहिनीची दर किलोमीटरची मूल्ये एकास एक ठेवली असून व्होल्टेज तेवढे २४ व्होल्टांवर आणले आहे. ५० हर्ट्झला अशा वाहिनीची विद्युत लांबी, म्हणजे तरंगाच्या कलेत मोजलेली लांबी, सुमारे २४ अंश भरते. तेव्हा घेणारे टोक मोकळे सोडल्यास तिथले व्होल्टेज पाठवणाऱ्या टोकाच्या १/cos २४°, म्हणजे साधारण १.०९ पट, २६.२ व्होल्ट मिळायला हवे होते. मीटरने दाखवले २७.५.

पुढचे दोन आठवडे या सव्वा व्होल्टाने खाल्ले. पहिला संशय कपॅसिटरांवर गेला, कारण ज्या दुकानातून ते घेतले तिथे मागच्या खेपेला छाप पुसलेला माल गळ्यात मारला होता. सगळे सोडवून एलसीआर मीटरवर तपासले. एकही दोन टक्क्यांपलीकडे नव्हता. (फिल्म कपॅसिटर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावेत, हे माझे मत आता पक्के झाले आहे.) मग कॉइली मोजल्या, मीटर बदलला, आकडा जागचा हलला नाही.

चूक माझ्या मोजण्याच्या जागेत होती. तिसऱ्या नोंदीत, दुर्बळ ग्रिड दाखवावे म्हणून, ट्रान्सफॉर्मर आणि वाहिनी यांच्यामध्ये दोन जादा कॉइली, म्हणजे ०.१ हेन्री, मीच घातल्या होत्या आणि विसरलो होतो. मी २४ व्होल्ट मोजत होतो ते या कॉइलींच्या अलीकडे. वाहिनीच्या तोंडाशी मीटर लावताच २५.१५ व्होल्ट दिसले, आणि २७.५ भागिले २५.१५ म्हणजे १.०९३. सूत्र पहिल्यापासून बरोबर होते.

यातून जे कळले ते मला मूळ आकड्यापेक्षा मोलाचे वाटते. बिनभाराची वाहिनी स्रोताला एखाद्या मोठ्या कपॅसिटरसारखी भासते. माझी सुमारे ६८० ओहमची. तिचा अग्रगामी, म्हणजे व्होल्टेजच्या पुढे धावणारा, प्रवाह स्रोताच्या इंडक्टन्समधून जाताना तिथेही व्होल्टेज चढवतो, म्हणून पाठवणारी बस, म्हणजे वाहिनी जिथून निघते ती सामाईक पट्टी, तिचे व्होल्टेजसुद्धा वर सरकते. स्रोत जितका दुर्बळ, तितकी ही चढण अधिक. म्हणूनच नुसते १/cos मांडून फेरांटी परिणाम, म्हणजे मोकळ्या टोकाशी व्होल्टेज चढणे, सांगणारा हिशेब भक्कम ग्रिडलाच लागू पडतो.

आता रिअॅक्टर, म्हणजे ही चढण उतरवायला वाहिनीला समांतर जोडायची कॉइल. दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखे यायला घेणाऱ्या टोकाशी सुमारे १४२५ ओहमची रिअॅक्टन्स हवी, असे गणित सांगते. गंमत म्हणजे ४२० केव्हीला १२५ एमव्हीएआरचा जो प्रमाणित शंट रिअॅक्टर आपल्याकडे वापरतात, त्याची रिअॅक्टन्स १४११ ओहम येते. मी एका जुन्या २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या उचकटल्या, ‘ई’ आकाराच्या एका बाजूला व ‘आय’ आकाराच्या दुसऱ्या बाजूला रचल्या आणि मधे कागद घातला. हवेची फट नसेल तर इंडक्टन्स व्होल्टेजबरोबर बदलत राहतो. फट असली की तो बहुतांशी फटीवरच ठरतो, म्हणून खऱ्या रिअॅक्टरच्या गाभ्यातही फटी ठेवतात. कागद दोनदा बदलल्यावर ४.६ हेन्री मिळाले. जोडले, आणि तोंडाशी २४.५, टोकाशी २४.६ व्होल्ट! तो आकडा मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. तोंडाशी चढलेली बससुद्धा खाली आली होती, कारण वाहिनीच्या चार्जिंग प्रवाहाचा अर्धा वाटा आता रिअॅक्टर उचलतो.

पुढचा बेत रिअॅक्टरला स्विच लावण्याचा होता. टोकाशी ३०० ओहमचा भार दिला, तर रिअॅक्टरशिवाय व्होल्टेज २२.५ च्या आसपास राहते आणि रिअॅक्टर जोडलेला असेल तर २०.८ पर्यंत उतरते; तेव्हा भार आला की रिअॅक्टर काढावा, हे उघड वाटले. पण रिअॅक्टर काढलेला असताना मी भार एकदम तोडला आणि टोक २२.५ वरून थेट २७.५ वर गेले. स्विच परत जोडेपर्यंत खऱ्या वाहिनीवरच्या इन्सुलेशनने ते सोसायचे असते. त्यामुळे स्विच रद्द. लांब वाहिनीचा रिअॅक्टर अनेकदा कायम जोडलेला ठेवतात आणि चालू-बंद करण्यासाठी बसवर वेगळा ठेवतात, ते यासाठीच.

हे लिहिता लिहिता चौथ्या खंडानंतरची गाठ मोजली: २५.१ व्होल्ट. दोन्ही टोके सपाट असूनही मध्यभागी फुगवटा उरलाच आहे. दुसरा रिअॅक्टर आता बसऐवजी तिथे लावून पाहतो. कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.