जनरल रजिस्टर, भाग 1: महादूचा गुंता (एकदाचा) सुटला

मंडळी, मागच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरची, म्हणजे मुलं कधी दाखल झाली नि कधी गेली याच्या वहीची, 1934 ते 1940 ची पानं टंकून झाली म्हणून मी मिरवलं होतं. मग आडनावांच्या रकान्याला फिल्टर लावला आणि महादू धोंडी नावाचा मुलगा तीनदा समोर आला. कऱ्हाडकर, कर्‍हाडकर आणि कराडकर.

पहिली दोन सारखीच दिसतात ना? मलाही दिसत होती. शीटमध्ये अक्षरं मोजणारं LEN लावलं तर एकाची लांबी 8, दुसऱ्याची 9. मी फोनवर टंकते, स्नेहल कॉलेजच्या लॅबमध्ये. माझा कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतो. तिचा कीबोर्ड साधा र घेतो, पाय मोडतो आणि मागे न दिसणारा एक जोडक चिकटवतो. वाचणाऱ्याला काही फरक नाही, पण शोधणाऱ्या यंत्राला ती दोन आडनावं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं NFC करूनही ही दोन रूपं एक होत नाहीत, हे इथे कुणी वेळ घालवायच्या आधी सांगून ठेवते. पायथनमध्ये सरळ बदलून टाकायचं:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

गऱ्हाणे, पऱ्हाड, कुऱ्हाडे सगळे एका झटक्यात जागेवर आले. त्या संध्याकाळी दोघींनी कटिंग चहावर वडापावही घेतला.

राहिला कराडकर. स्नेहलचं म्हणणं, "अगं, कऱ्हाड काय नि कराड काय, गाव एकच. करून टाक एक." गाव एकच आहे, खरंय, पण मास्तरांनी जे लिहिलंय ते मी बदलणार नाही. म्हणून आता दोन रकाने केलेत: एक ‘जसं आहे तसं’, दुसरा ‘शोधासाठी’. दुसऱ्यात तिन्ही नोंदी कऱ्हाडकर. खरा त्रास इथून सुरू झाला. तीन नोंदी म्हणजे एकच पोरगा तीनदा दाखल झाला, की तीन पोरं?

जन्मतारखेवरून जुळवा असं कुणीतरी सुचवेलच. तिघांचीही 1 जून आहे. अर्ध्या रजिस्टरची 1 जून आहे! वय सांगायचं आणि मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकायची. त्या रकान्यावरून कुणाची ओळख पटवू नका. आईचं नाव तर या रजिस्टरात लिहीतच नसत.

मग मी तारखा एका रेषेवर मांडल्या. रजिस्टर नंबर 47 चा महादू जून 1934 ला दाखल झाला आणि जानेवारी 1937 ला त्याचं नाव कमी झालं, कारण ‘सतत गैरहजर’. नंबर 83 चा महादू जून 1936 ला आला आणि 1940 ला चौथी पास होऊन गेला. म्हणजे 1936 च्या पावसाळ्यात दोन्ही नावं पटावर एकाच वेळी होती. एक मुलगा एकाच शाळेच्या पटावर दोनदा कसा असेल? जन्मस्थळंही वेगळी, एकाचं उंब्रज, दुसऱ्याचं मसूर. ज्यांचं आडनाव काना-मात्रेसकट जुळतं, ते दोघे वेगळे निघाले.

आणि कराडकर? नंबर 96, प्रवेश जून 1937, जन्मस्थळ उंब्रज. संशय 47 वर, पण पुरावा नाही. ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना आमच्या फोटोत कोरा.

तो कोरा नव्हता! स्कॅनचं ॲप सावल्या पुसून पान पांढरंशुभ्र करतं, आणि त्या सफाईत पेन्सिलचं लिखाणही धुऊन नेतं. त्यात हा रकाना शिवणीच्या घडीत. मुख्याध्यापक मॅडमकडून रजिस्टर पुन्हा मागून घेतलं. सपाट दाबायचं नाही, शिवण तुटते. दोन्ही पुठ्ठ्यांखाली पुस्तकांच्या थप्प्या लावून ते इंग्रजी व्ही-सारखं उघडं ठेवलं, टेबललॅम्प अगदी आडवा धरला आणि साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला. घडीत फिकट पेन्सिलीने: ‘हीच, र. नं. 47’.

म्हणजे कराडकर आणि पहिला कऱ्हाडकर एकच. अक्षर बघता 1937 ला मास्तर बदललेत. नव्या मास्तरांनी कानाला आलं तसं लिहिलं असावं, पण हा माझा अंदाज, म्हणून तो शेऱ्यात घातलेला नाही.

माझं मत विचाराल तर ती ‘जादुई’ स्कॅन ॲपं पावत्यांपुरती ठीक. रजिस्टरला मूळ रंगीत फोटोच ठेवा, उजळ प्रत हवी तर वेगळी करा.

खरं तर पुढचा बेत भाग 2 चा होता. पण हे लिहितानाच सुचलं की ‘पूर्वीची शाळा’ कोरा असलेली प्रत्येक ओळ आता संशयास्पद आहे. तेव्हा भाग 2 थांबवते. आधी तेवढीच पानं आडव्या उजेडात पुन्हा काढायची, आणि ‘व्यक्ती क्रमांक’ असा तिसरा रकाना जोडायचा: 47 आणि 96 ला एक, 83 ला दुसरा. मॅडम म्हणाल्या, कपाटात 1936-37 चं हजेरीपत्रक असायला हवं. ते मिळालं तर दोन महादूंच्या हजेऱ्या शेजारी शेजारी लावून बघता येतील. वाळवीने खाल्लेली पानं सोडवायचा अनुभव कुणाला असेल तर आत्ताच सांगा, कपाटाचा खालचा कप्पा बघून आलेय मी.