ती क्लिप परत का दाखवली नाही

‘स्पष्टीकरणाच्या व्हिडिओत जुनी क्लिप दाखवलीच नाहीत. लपवायचं काय होतं?’

काहीच नाही. पावसाळ्यातल्या पापलेटवरचा माझा मूळ व्हिडिओ आजही चॅनलवर जसाच्या तसा आहे. पण त्यातली कापून फिरवलेली क्लिप परत लावली असती, तर तेच तुटकं वाक्य आणखी लोकांच्या कानावर गेलं असतं. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांनी तर पडद्यावरची तेवढीच ओळ वाचली असती.

मी म्हटलं होतं, ‘पावसाळ्यात पापलेट घेऊ नका असं मी म्हणत नाही, फक्त ते कुठून आलंय ते विचारा.’ क्लिप ‘घेऊ नका’वर तुटली. मराठीत खरा नकार वाक्याच्या शेवटी येतो; त्याआधी कात्री लागली की अर्थ उलटा. ज्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं, त्यांनी जे ऐकलं तेच धरलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

हे आज म्हणते. त्या आठवड्यात माझा तोल गेला होता. पहिल्या स्क्रिप्टची सुरुवातच ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झालाय, आधी पूर्ण व्हिडिओ बघा’ अशी होती. ती घेऊन मी माहीमच्या बाजारात गेले, व्हिडिओत दिसलेल्या मावशींकडे. दुपार टळत आली तरी पाटी भरलेलीच. एक बाई पापलेटपाशी थांबल्या, ‘सध्या घेऊ नका म्हणतात ना?’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी कागद वाचून दाखवला. मावशी माशांवर बर्फ सारत म्हणाल्या, ‘गिऱ्हाइकाला तुम्ही नीट ऐकलं नाही म्हटलं, तर उद्या येईल का गं ते? मासा कुठला ते सांग की.’ आणि पापलेटाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला.

दुसरी स्क्रिप्ट तिथून सुरू झाली: ‘पावसाळ्यातही पापलेट घ्या, आणि ते कुठून आलंय ते विचारा.’ कुठेही कापा, उलटं होत नाही. मग कारण. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, बिगरयांत्रिक होड्यांना नसते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे जूनअखेर तिकडचा मासाही इथे येऊ शकतो. बंदीआधीचा, बर्फात ठेवलेलाही असू शकतो. म्हणून विचारायचं, आणि कल्ला बघायचा. एडिटरने एकेक वाक्य सुटं कापून ऐकलं. आधीच्या वाक्याशिवाय ज्याचा अर्थ लागेना, ते पुन्हा लिहिलं.

तरी तुमचा प्रश्न मला झटकता येत नाही. क्लिप न पाहिलेल्यांना हे कशाबद्दल चाललंय तेच कळलं नाही, आणि पाहिलेल्यांना वाटलं मी विषय टाळतेय. ‘पावसाळ्यातल्या पापलेटबद्दल माझी एक क्लिप फिरतेय’ एवढं तरी सुरुवातीला हवं होतं, असं एडिटरचं म्हणणं. मला वाटतं, ते पहिलं वाक्य झालं की पापलेट मागे पडतं आणि मीच पुढे येते. यावर आमचं अजून जमलेलं नाही.