कॉम्प्रेसर बदलायला निघालेले शेठ

एप्रिलमधली दुपार. मार्केट यार्डातल्या एका फळव्यापाऱ्याचा फोन आला. कोल्ड रूम ४ अंशांवर असते ती ११ वर अडकली होती आणि आत सफरचंदाच्या पेट्या लागलेल्या. मी पोचलो तेव्हा शेठनी नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशनसुद्धा काढून ठेवलं होतं. आधीचा मिस्त्री महिन्यात दोनदा गॅस भरून गेला होता आणि जाताना ‘कॉम्प्रेसर कमजोर झालाय’ असं सांगून गेला होता.

मी गेज लावले. गॅस आर-१३४ए. सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूला, दाब ५ पीएसआय. डिस्चार्जला, म्हणजे तो दाबून बाहेर टाकतो त्या बाजूला, १६५.

“बघा शेठ,” मी म्हटलं, “कॉम्प्रेसर कमजोर असता तर सक्शन वर राहिलं असतं आणि डिस्चार्ज खाली. इथे सक्शनच तळाला गेलंय. तो ओढतोय, पण त्याला कुणी खायला देत नाहीये.”

शेठना पटेना. “अहो, थंड तर कॉम्प्रेसरच करतो ना?”

हा समज सगळीकडे आहे. खरं तर थंडावा तयार होतो तो आतल्या कूलिंग कॉइलमध्ये, द्रवरूप गॅस उकळतो तिथे. उकळायला उष्णता लागते, ती तो खोलीतल्या हवेतून घेतो. पण उणे ५ अंशांना उकळायचं तर त्याच्यावरचा दाब २० पीएसआयच्या आसपास ठेवावा लागतो. तयार झालेली वाफ सतत ओढून कॉइलमधला दाब खाली ठेवणं, हे कॉम्प्रेसरचं निम्मं काम. कुकरमध्ये दाब वाढवून पाणी शंभराच्या वर उकळतं, त्याच्या बरोबर उलट.

उरलेलं निम्मं काम बाहेरच्या बाजूचं. खोलीतून घेतलेली उष्णता पुण्याच्या ३७ अंशांच्या हवेत टाकायची, तर वाफ त्या हवेपेक्षा गरम हवी. कॉम्प्रेसर ती दाबतो. १६५ पीएसआयला हा गॅस ४८ अंशांच्या आसपास द्रव होतो, म्हणून पंख्याची गरम हवासुद्धा बाहेरच्या कॉइलला, म्हणजे कंडेन्सरला, पुरते.

आता हा दाबाखालचा कोमट द्रव पुन्हा कॉइलमध्ये न्यायचा. ते काम एक्सपान्शन व्हॉल्व्हचं. सुईएवढ्या वाटेतून द्रव पलीकडे गेला की दाब एकदम पडतो. द्रवातला साधारण तीस टक्के भाग तिथल्या तिथे उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच काढून घेतो. त्यामुळे ४० अंशांचा द्रव क्षणात उणे ५ वर येतो. शिवाय किती द्रव सोडायचा हेही व्हॉल्व्हच ठरवतो. कॉइलच्या शेवटी पाइपला त्याचा बल्ब, म्हणजे गॅस भरलेली छोटी बंद नळी, बांधलेला असतो. तिथली वाफ जास्त तापली की व्हॉल्व्ह उघडतो, गार झाली की मिटतो.

मी बल्बजवळच्या पाइपचं तापमान घेतलं, ५ अंश. ५ पीएसआयला गॅस उकळतो उणे २० च्या जवळ. म्हणजे वाफ उकळबिंदूच्या २५ अंश वर तापलेली. याला सुपरहीट म्हणतात, आणि ते सहा-सात पुरे असतं. द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच संपत होता आणि पुढची सगळी नळी नुसती कोरडी वाफ वाहत होती. गॅस कमी असेल तरी हेच दिसतं, म्हणून साइट ग्लास, म्हणजे द्रवाच्या नळीवरची काचेची खिडकी, पाहिला. काठोकाठ भरलेला, एक बुडबुडा नाही. कंडेन्सरमधून निघणारा द्रव ३९ अंशांचा, म्हणजे उकळबिंदूच्या नऊ अंश खाली. गॅस भरपूर होता, अडकत होता व्हॉल्व्हपाशी.

बल्ब सोडवून मुठीत धरला. व्हॉल्व्ह उघडून सक्शन चढायला हवं होतं, काटा जेमतेम हलला. एकतर बल्बमधला गॅस गेला असणार, नाहीतर वाट बुजली असणार. मग व्हॉल्व्हच्या आत येणाऱ्या नळीला हात लावला. ती कोमट हवी, पण जोडणीपाशीच ओला गारवा होता. म्हणजे दाब सुईपाशी पडायच्या आधीच, व्हॉल्व्हच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी असते तिच्यात पडत होता.

पंप डाउन करून, म्हणजे गॅस कंडेन्सरच्या बाजूला गोळा करून, नट उघडला. जाळीवर काजळीसारखा काळा थर. गेल्या वर्षी पाइपचा जोड मारताना आतून नायट्रोजन सोडला नसणार. तो न सोडता जोड तापवला की तांब्याच्या आत काळी खपली धरते आणि पुढे गॅसबरोबर वाहत येते. शेठ जाळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. “एवढ्यासाठी कॉम्प्रेसर?”

जाळी बदलली, ओल आणि कचरा धरणारा ड्रायर नवा घातला, व्हॅक्यूम केलं आणि जास्तीचा गॅस सिलेंडरमध्ये काढून घेतला. सक्शनचा दाब फार पडला की मशीन बंद करणारा स्विच असतो, एलपी कटआऊट. आधीच्या मिस्त्रीने त्याची सेटिंग खाली ओढून ठेवली होती, म्हणून मशीन बंद न पडता तसंच उपाशी चालत होतं. त्यातून कॉम्प्रेसरचे हाल होत होते, कारण त्याची मोटार गार राहते ती परत येणाऱ्या गार वाफेनेच. ती सेटिंग जागेवर आणली.

चालू केल्यावर सक्शन आधी उसळलं, मग हळूहळू २१-२२ पीएसआयवर स्थिरावलं. सुपरहीट सातच्या आत. रात्री शेठचा फोन, खोली ५ वर आलीये. मी सांगितलं, पंधरवड्याने ड्रायर पुन्हा बदलू, पाइपमध्ये अजून खपली असेलच. “आणि कोटेशन?” त्यांनी विचारलं.

“ते राहू द्या,” मी म्हटलं, “पण एवढे दिवस तो तापलाय. ड्रायर बदलायला येईन तेव्हा त्याचं तेल तेवढं बघून घेऊ.”