फॅटच्या कपातीचा अर्ज: अडलं ते नमुन्यापाशी

अर्ज लिहायला अर्धा तासही लागला नाही, पण तो हलायला तीन आठवडे गेले. चूक माझ्याच पहिल्या कागदात होती. ‘फॅट कमी लावून दर कापतात, न्याय मिळावा’ असं लिहिलं, की डेअरीचा सचिव म्हणणार, मशीन दाखवतं ते खरं. मागच्या दहा दिवसांचं दूध आता तपासायला आणणार कुठून?

दुसऱ्या अर्जात मी पावत्यांचे आकडे घातले. म्हशीचं सकाळचं ६ लिटर दूध, फॅट आधी ६.०, आता ५.४. आमच्या दरपत्रकात ०.१ फॅटमागे लिटरला ८० पैसे कमी होतात, म्हणजे लिटरमागे ४ रुपये ८० पैसे आणि दहा दिवसांत २८८ रुपये. एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, मात्र ९.१ ला तसाच होता. हे वाक्य मुद्दाम घातलं, कारण ‘पाणी घातलंय’ ही कुजबुज सुरू झाली होती. पाणी पडलं असतं तर फॅटबरोबर एसएनएफही उतरला असता.

खरी मागणी शेवटच्या ओळीत होती: ‘माझ्या दुधाचा एकच नमुना दोन भाग करून, एक मशीनवर आणि दुसरा गर्बर पद्धतीने, माझ्यासमोर तपासावा.’ यावरच घोडं अडलं. ॲसिड संपलंय, माणूस रजेवर आहे, उद्या या. गर्बरला लागतं काय, तर १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, नळी फिरवायचं यंत्र आणि ६५ अंशांचं गरम पाणी. चौथ्या खेपेला ते झालं. मशीनवर ५.४, नळीत ६.०. मग मशीन धुण्याच्या द्रावणाने साफ केलं आणि तोच नमुना पुन्हा लावला, तर ५.९. आत साय चिकटली होती, बाकी काही नाही!

नमुना घेताना किटली तळापासून ढवळून घ्या. म्हशीच्या दुधावर साय लगेच येते. ती झाकणाला राहिली की नमुन्यात फॅट कमीच भरते. नमुना गार झाला असेल तर ४० अंशांपर्यंत कोमट करून हलवा, पण फेस येऊ देऊ नका.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: शेवटच्या धारा वासराला सोडत असाल तर अर्ज करू नका. फॅट सगळ्यात जास्त त्याच धारांत असते, तेव्हा मशीन बरोबरच सांगतं.

फरक मिळाला तो अर्जाच्या तारखेपासूनच, म्हणून पोच घेताना शिक्क्यावर तारीख बघा. दूध संघाच्या कार्यालयाने अर्जाची कन्नड प्रत मागितली. आकड्यांचा तक्ता तोच ठेवून वरच्या चार ओळी तेवढ्या शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतल्या.