वासे की ताडपत्री

आमच्या गुहागरच्या घराला लागूनच मित्राचं घर आहे. तो डोंबिवलीला, किल्ली आमच्याकडे. मे महिन्यात कौलं परतायला घेतली तेव्हा त्याच्या बाजूचे तीन वासे वाळवीनं पोखरलेले दिसले. लगेच व्हॉट्सॲपवर कळवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि नंतर आठ दिवस काही नाही.

आई म्हणाली, "फोन कर सरळ." पण फोनवर माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि प्रश्न पैशाचा होता. वहिनींना विचारणं तर त्याहून वाईट, ती चहाडीच झाली असती.

मग लिहायला बसलो. "अरे, आहेस ना?" खोडलं. वरून थट्टा, आत फुरंगटणं. "परत आठवण करतोय" लिहिलं, तर तो 'परत' काट्यासारखा वर आला. "सावकाश कळव" हे तर धादांत खोटं. मृग तोंडावर आलेला, सावकाश कसलं?

शेवटी माझाच पहिला मेसेज उघडून वाचला. चौदा ओळी, तीन प्रश्न, दोन फोटो आणि मध्येच खर्चाचा आकडा. लोकलमध्ये एका हातानं दांडी धरलेल्या माणसानं याला काय उत्तर द्यायचं? 'घरी गेल्यावर बघू' म्हणून ठेवलं असेल. दोन दिवस गेले की उत्तराआधी सबब शोधावी लागते, आणि सबब सुचेपर्यंत आणखी दोन दिवस जातात. (हे मला इतकं नीट ठाऊक आहे, कारण मीही असाच आहे.)

रविवारी सकाळी नवा मेसेज पाठवला:

"कौलंवाला गुरुवारी येतोय. तुझ्याकडचे तीन वासे आत्ता बदलायचे, की यंदा ताडपत्रीवर भागवायचं? 'वासे' किंवा 'ताडपत्री' एवढंच लिही. बुधवारपर्यंत नाही जमलं, तर माझ्याकडची ताडपत्री टाकून ठेवतो. बाकीचं गणपतीत आलास की बोलू."

आठ दिवसांचा उल्लेख नाही. घाई आहे, पण ती कौलंवाल्याची. जुना मेसेज शोधत वर जायची गरज नाही. ताडपत्रीचं मात्र विचार करून लिहिलं होतं. तो गप्प राहिला तर जे करायचं, ते त्याला खर्चात न टाकणारं आणि उद्या काढून टाकता येईल असं हवं. "नाही कळवलंस तर वासे बदलून टाकतो" असं लिहिलं असतं, तर त्याच्या गप्प बसण्यावर मी बिल फाडलं असतं.

मंगळवारी रात्री पावणेबाराला उत्तर आलं. "ताडपत्री." मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. शेवटी आलं ते एवढंच: "हात जरा आखडलाय रे यंदा."

मी "बरं" लिहिलं आणि पडवीतल्या माळ्यावर ताडपत्री शोधायला चढलो. तिला उंदरांनी दोन भोकं पाडली होती.